पहाटे दुखले तर पहाटेच उठव

खानापूर, रविवार रात्र

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हा विषय टाळशील, म्हणून लिहीत आहे. आज आम्ही बेळगावला विनूला पाहून आलो. त्याचा डावा वृषण काढावा लागला.

बुधवारी पहाटे दोन वाजता तो असह्य कळेने जागा झाला, दोनदा उलटीही झाली; पण लाजेपोटी त्याने काकूला पोटात दुखते एवढेच सांगितले. तिने ओवा दिला. सकाळी दवाखान्यात मुतखडा समजून इंजेक्शन दिले गेले आणि बेळगावला शस्त्रक्रिया सुरू होईपर्यंत दुपारचे तीन वाजले. पीळ सोडवूनही काळा पडलेला वृषण पूर्ववत झाला नाही.

सर्जननी मला मास्कची नाडी पिळून दाखवली. वृषण ज्या दोरीसारख्या भागाला टांगलेला असतो, त्यातूनच त्याला रक्त मिळते. तिला पीळ पडला की आधी रक्त परतायचे थांबते, सूज येते, मग जाणारे रक्तही थांबते. सहा तासांच्या आत पीळ सुटला तर वृषण बहुतेक वेळा वाचतो, बारा तासांनंतर ती आशा फार कमी होते. वृषण आत सैल टांगलेला असला की असा पीळ पडतो; ही जन्मजात ठेवण बऱ्याचदा दोन्हीकडे असते, म्हणून विनूचा उजवाही टाके घालून पक्का केला आहे.

हे ऐकताना मला तुझी दिवाळी आठवत होती. क्रिकेटवरून येऊन तू जांघेत दुखते म्हणून पडून राहिलास आणि तासाभरात बरे वाटले म्हणून उठलास. पीळ कधीकधी आपोआप पडतो व सुटतो, आणि पुढच्या वेळी सुटेलच असे नसते. तेव्हा मी काहीच विचारले नाही, याची आज खंत वाटते.

एका बाजूला अचानक तीव्र कळ आली, तो वृषण वर ओढल्यासारखा किंवा आडवा वाटला, मळमळले, तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नकोस. वॉर्डनना कन्नडच येते म्हणून संकोचू नकोस; बोट दाखवलेस तरी पुरे. सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जा आणि भूल द्यावी लागेल म्हणून वाटेत काही खाऊ-पिऊ नकोस. लक्षणे स्पष्ट असतील तर सोनोग्राफीसाठी शस्त्रक्रिया थांबवत नाहीत. बऱ्याच तासांनी दुखणे ओसरले तरी फसू नकोस. वृषण निकामी झाल्यावरही कळ कमी होते.

पुन्हा उपदेशच झाला, क्षमा कर. हात मोडलेला असताना तू संध्याकाळपर्यंत गोधडीत लपून राहिला होतास, सात वर्षांचा होतास. तुझ्या त्या सोसण्याचे मी चारचौघांत कौतुक केले होते. आज त्याचीच भीती वाटते.

एका वृषणावरही पुढे मुले होतात, हे विनूला सांगितले आहे. तूही त्याला फोन कर. दिवाळीतले दुखणे या आठवड्यात सर्जनना सांगून ये आणि ते काय म्हणाले ते मला कळव. आईसमोर बोलायचे नसेल तर रात्री नऊनंतर फोन कर, मी अंगणात जाऊन घेईन.

तुझे बाबा