साठीचा डोंगर खरा नव्हे

संपादक महोदय,
स. न.

ज्येष्ठ नागरिकांवरील आपल्या लेखासोबत वयवार लोकसंख्येचा आलेख छापला होता. त्यात ५९ आणि ६१ वर्षांची माणसं मूठभर आणि ६० वर्षांची मात्र डोंगराएवढी दिसतात. त्यावरून ‘साठी गाठणाऱ्यांची लाट’ आल्याचं लेखकानं लिहिलं आहे. जुन्या जनगणनांच्या आलेखांत असे सुळके ३०, ४०, ५० वरही दिसतात. ती लाट नव्हे, वय सांगण्याची सवय आहे.

१९९१ च्या जनगणनेत मी पाटण तालुक्यात प्रगणक होतो. एका बाईंनी वय सांगितलं, “लिवा पस्तीस.” मी विचारलं, “कोयनेचा भूकंप आठवतो का?” म्हणाल्या, “आठवतो म्हंजे? थोरला पोटात व्हता की माज्या!” भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. पस्तीस खरं धरलं, तर तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या ठरतात. पुढे लग्न कधी झालं वगैरे विचारत आम्ही बेचाळीसवर आलो. पण दिवसाला इतकी घरं करायची असली की प्रत्येक ओट्यावर कोयना आणि बहात्तरचा दुष्काळ काढायला सवड कुठली! बहुतेक ठिकाणी ‘पस्तीस’च लिहिलं जायचं.

ही सवय किती खोल आहे, हे मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयांतली माणसं घ्यायची. या चाळीस वयांत शून्य किंवा पाचवर संपणारी आठ, म्हणजे एक पंचमांश. समजा गावात या वयोगटात १००० माणसं आहेत, तर अशा गोल वयांची सुमारे २०० निघायला हवीत. निघाली ३८०, तर निर्देशांक १९०. सगळ्यांनी खरं वय सांगितलं तर तो १०० च्या आसपास राहतो, सगळ्यांनीच गोल वय सांगितलं तर ५००. संयुक्त राष्ट्रांच्या मोजपट्टीत १७५ च्या पुढची आकडेवारी सगळ्यात खालच्या प्रतीची धरतात.

दुरुस्तीची मला सगळ्यात आवडणारी युक्ती आपल्याच देशात, १९३१ च्या जनगणनेत वापरली गेली. पाच-पाच वर्षांचे गट केले तरी भागत नाही, कारण २८-२९ वर्षांचा माणूस ‘तीस’ सांगतो आणि एकदम पुढच्या गटात उडी मारतो. म्हणून त्या वेळी वय जवळच्या वाढदिवसाचं लिहून घेतलं आणि गट पाडले आळीपाळीनं सात आणि तीन वर्षांचे: २७ ते ३३, ३४ ते ३६, ३७ ते ४३. आकर्षण असलेलं वय गटाच्या कडेला न येता मधोमध आलं. आता २८ चा माणूस तीस म्हणो की ३२ चा, दोघं आपल्याच खोक्यात राहतात.

मग नेहमीचे गट परत कसे मिळवायचे? जवळच्या वाढदिवसानं मोजलेला २७ ते ३३ चा गट खरं तर साडेसव्वीस ते साडेतेहतीस असा पसरतो, त्याचा मध्य बरोबर ३०. ३४ ते ३६ चा मध्य ३५. तेव्हा पहिल्याचा वरचा अर्धा आणि दुसऱ्याचा खालचा अर्धा मिळून ३० ते ३५ भरतो. पहिल्या गटात ७२० आणि दुसऱ्यात २८० माणसं असली, तर ३६० अधिक १४०, म्हणजे ५००. अर्थात वय वाढेल तशी माणसं कमी होत जातात, त्यामुळे नुसतं अर्धं केलं की वरच्या बाजूला थोडी जास्त जातात, तेवढं वेगळं सावरावं लागतं. आणि ३३ चा माणूस ‘पस्तीस’ म्हणाला, तर ही युक्तीही त्याला अडवू शकत नाही.

एक धोका मात्र सगळ्याच दुरुस्त्यांत असतो. आलेख जास्त घोटला की खरे खड्डेही बुजतात. १९१८ च्या तापाच्या साथीनं त्या सुमाराच्या जन्मांत पाडलेली खोट सवयीमुळे आलेली नव्हती. म्हणून ओळखायची खूण अशी: खरा खड्डा दहा वर्षांनी होणाऱ्या पुढच्या जनगणनेत दहा वर्षं पुढे सरकतो. सवयीचा सुळका ६० वरच बसून राहतो. आपल्या लेखकांनी आधीच्या जनगणनेचा आलेख शेजारी ठेवला असता तर हे लगेच दिसलं असतं.

आता २०२७ च्या जनगणनेत लोक जन्मतारखेचे कागद दाखवतील, मग हा प्रश्न मिटला, असं कुणी म्हणेल. कागदावरच्या तारखेनं शून्य-पाचची गर्दी कमी होते, हे खरं. पण माझी स्वतःची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मित्रांचीही. पुढे मास्तर झाल्यावर, दाखल्याला आलेल्या मुलाची तारीख घरच्यांना सांगता आली नाही की मीही १ जूनच घातली आणि वर्ष असं धरलं की पोरगं पहिलीत बसावं. ही चूक व्हिपलला दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा