‘सकाळी उपाशीपोटी एकत्र घ्यावे’ या सूचनेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : हाडे व स्नायूंसाठीच्या आपल्या संचासोबतचे माहितीपत्रक आणि डब्यावरील मजकूर

महोदय/महोदया,

प्रोटीन पावडर, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल असा आपला तीन डब्यांचा संच मी साडेतीन महिने वापरला. माल खराब निघाला असे माझे म्हणणे नाही. डबे सीलबंद होते, मुदतही बरीच शिल्लक होती. माझी तक्रार माहितीपत्रकातल्या एका ओळीबद्दल आहे : ‘उत्तम परिणामासाठी तिन्ही उत्पादने सकाळी उपाशीपोटी एकत्र घ्यावीत.’

माझे वय ७१ आहे. थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी मी गेली ११ वर्षे घेते आहे, तीही सकाळी उपाशीपोटीच. आपली सूचना वाचून मला वाटले, बरे झाले, एकाच वेळी सगळे उरकेल. उठल्यावर पेलाभर पाणी घ्यायचे, आधी ती इवलीशी गोळी, मागोमाग आपल्या कॅल्शियमच्या खडूसारख्या दोन जाड गोळ्या (एक हमखास घशात अडायची), कॅप्सूल, आणि वर पावडर कालवून.

सहा आठवड्यांनी जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या. पोट साफ होईना. दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा. हाडे-स्नायूंसाठी म्हणून औषध चालू केलेले, आणि उभे राहताना खुर्चीच्या हातांचा आधार लागायला लागला. मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडच्या मुलाने अदबीने सांगितले, “आजी, अंगी लागायला वेळ लागतो. पावडर दिवसातून दोनदा घ्या.” मला दुसरे काही औषध चालू आहे का, हे त्याने विचारले नाही. तो प्रश्न त्याच्या कागदावर लिहिलेलाच नसेल, म्हणून त्या मुलावर माझा राग नाही. मी पावडर दुप्पट केली, दोन्ही वेळा सकाळच्याच पेल्यात.

नेहमीच्या तपासणीत टीएसएच ९.८ आले. आधीच्या वेळी ते २.४ होते. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की हा आकडा चढतो. डॉक्टरांनी गोळी १०० मायक्रोग्रॅमची करण्यासाठी कागदावर लिहायला घेतले आणि लिहिता लिहिता सहज विचारले, “गोळीबरोबर आणखी काय घेता?” मी पिशवीतून आपला कॅल्शियमचा डबा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी डबा फिरवून मागची बाजू वाचली आणि लिहिलेले १०० खोडून टाकले.

कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या औषधाला धरून ठेवते, त्यामुळे औषध रक्तात पुरेसे उतरतच नाही. दोन्हींमध्ये किमान ४ तासांचे अंतर हवे. हे औषधशास्त्रात जुने, ठाऊक असलेले आहे. थकवा, बद्धकोष्ठ, मांड्यांतली ताकद जाणे ही सगळी थायरॉइड कमी पडल्याची लक्षणे होती, आणि मी ती आपल्या पावडरीचा गुण उशिरा येतोय म्हणून सोसत बसले. बद्धकोष्ठाला कॅल्शियम कार्बोनेटनेही हातभार लावला असेल.

यातला खरा धोका डॉक्टरांनी नंतर सांगितला. समजा, त्यांनी तो प्रश्न विचारला नसता आणि गोळी वाढवली असती. पुढे कधी तरी संच संपला असता किंवा मी कंटाळून बंद केला असता. मग वाढवलेली गोळी पूर्ण अंगात उतरली असती. थायरॉइडचे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झाले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि, हे आपण मुद्दाम वाचावे, हाडे झिजतात. हाडांसाठी घेतलेल्या डब्याने मला तिथे नेऊन सोडले असते.

मी गोळीचा डोस न बदलता फक्त वेळा बदलल्या. आठ आठवडे थांबले, कारण टीएसएच त्याआधी नीट स्थिरावत नाही. नवा आकडा ३.१ आला. जिना पूर्वीसारखा चढते.

थायरॉइड नसलेल्यांनाही ती ओळ फायद्याची नाही. आपल्या गोळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि ते विरघळायला पोटात आम्ल लागते, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचे असते. ज्यांना आम्लपित्तासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज चालू आहेत, आणि आमच्या वयात त्या बऱ्याच जणांना असतात, त्यांच्यासाठी सायट्रेट बरे पडते. ड जीवनसत्त्व स्निग्धात विरघळते, तेही जेवणातच बरे. शिवाय हाडे ठिसूळ झालेल्यांना आठवड्यातून एकदा जी अलेन्ड्रोनेटची गोळी देतात, ती सकाळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी लागते. तिच्यासोबत कॅल्शियम गेले तर ती गोळी वायाच. आपला संच नेमका ज्यांनी घ्यावा असे आपल्याला वाटते, त्यांनाच ही सूचना सर्वांत जास्त नडते.

आता डब्यावरचे आकडे. पुढच्या बाजूला ठळक ‘१२५० मि.ग्रॅ.’ आहे. दिवसाला दोन गोळ्या, म्हणजे २५०० झाले. पन्नाशीनंतर अन्न आणि गोळ्या मिळून दिवसाला २००० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त कॅल्शियम नको, असे वाचल्यावर माझी रात्रभर झोप उडाली. १२५० हे कार्बोनेटचे वजन आहे. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे गोळीमागे ५००. हे मागे आहे, पण भिंग घेतल्याशिवाय दिसत नाही. मात्र तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. आपल्या पावडरीच्या एका मापात ४०० मि.ग्रॅ. कॅल्शियम वेगळे घातलेले आहे. दोन गोळ्यांचे १००० आणि आपल्या फोनवरच्या सल्ल्याप्रमाणे दोन मापांचे ८००, म्हणजे १८०० एकाच पेल्याबरोबर, अन्नातले वेगळेच. एका वेळी ५०० च्या वर गेले की शरीर त्यातला कमी वाटा शोषते. संच आपणच जुळवला आहे, तर त्याची बेरीजही आपणच करून छापायला हवी होती.

सध्या मी थायरॉइडची गोळी सकाळी सहाला घेते. कॅल्शियमची एकच गोळी आणि कॅप्सूल दुपारच्या जेवणात, पावडरीचे एक माप संध्याकाळी. ही मांडणी डॉक्टरांनी माझ्यासाठी करून दिली आहे, ती सगळ्यांना लागू पडेल असे नाही.

मी पैसे परत मागत नाही. ‘सकाळी उपाशीपोटी एकत्र’ ही ओळ काढून टाका. थायरॉइडच्या औषधापासून ४ तासांचे अंतर आणि इतर औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारणे, हे कॅल्शियमच्या आणि पावडरीच्याही डब्यावर वाचता येईल अशा अक्षरांत छापा. पुढच्या बाजूला कार्बोनेटऐवजी प्रत्यक्ष कॅल्शियमचा आकडा द्या आणि संचावर तिन्ही डब्यांची एकूण बेरीज. फोन घेणाऱ्या मुलांच्या कागदावर पहिला प्रश्न ‘दुसरे कोणते औषध चालू आहे?’ हा असू द्या.

आधीच्या माझ्या दोन ईमेलना ‘आमची उत्पादने नैसर्गिक व सुरक्षित आहेत’ असे एकच छापील उत्तर आले. या पत्राचे उत्तर माहितीपत्रक तयार करणाऱ्या जबाबदार व्यक्तीकडून, ३० दिवसांत, लेखी मिळावे. न मिळाल्यास हीच कागदपत्रे ग्राहक आयोगाकडे आणि खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेकडे पाठवीन.

आपली,
संचाची एक ग्राहक

सोबत : टीएसएचच्या तिन्ही अहवालांच्या प्रती, माहितीपत्रकाची प्रत (ती ओळ लाल शाईने अधोरेखित), तिन्ही डब्यांच्या मागच्या बाजूची छायाचित्रे