आवड, निवड आणि शिवणीतली माया

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

लग्नातल्या टोस्टचा तुझा मसुदा मिळाला. वाचताना आधी हसलो आणि मग जरा धास्तावलो. प्रेम, प्रीती, स्नेह, अनुराग, लोभ, ममता, जिव्हाळा, भक्ती हे सगळं तू पहिल्याच परिच्छेदात ओतलं आहेस. कागदावर ते रुबाबदार दिसतं. हातात माईक घेऊन म्हणालास, की समानार्थी शब्द पाठ करून आल्यासारखं वाटेल आणि तिसऱ्या शब्दाला लोक मोबाईल बाहेर काढतील.

शब्दांशी खेळायचंच असेल, तर शाळेतला श्लेष आठव. 'मित्राच्या उदयाने सर्वांनाच आनंद होतो.' मित्र म्हणजे सूर्यसुद्धा, हे आपण परीक्षेत लिहिलं, गुण मिळवले. पण ते ऐकून वर्गात एकजण तरी हसला होता का? कारण तो दुसरा अर्थ आधी शिकवावा लागतो, आणि शिकवून झाल्यावर हसू कुठून येणार! तुझा 'भक्ती'चा परिच्छेद नेमका त्याच जातीचा आहे. 'भज्' या धातूत वाटून घेण्याचा अर्थ आहे, भाग आणि विभक्त हे त्याच घरातले शब्द आहेत, म्हणून भक्त तो जो विभक्त होत नाही. हे मला फार आवडलं. पण ते वाचणाऱ्याला आवडतं. ऐकणारा धातूपाशीच अडकतो, आणि तू 'विभक्त'वर पोचतोस तेव्हा त्याच्या कानावर एवढंच पडतं, की लग्नाच्या दिवशी कुणीतरी विभक्त म्हणालं. शिवाय हल्ली 'भक्त' म्हटलं की लोकांच्या डोक्यात भलतंच काही येतं. काढून टाक.

'अनुराग' मात्र वेगळा. अनु म्हणजे मागाहून, राग म्हणजे राग. आधी प्रेम, राग मागाहून. मूळ संस्कृतात हा राग रंगण्याचा, पण ते सांगायची गरज नाही. शब्द नुसता तोडून म्हटलास तरी लोक हसतील. तरीही मी तो ठेवला नसता. नवराबायकोच्या भांडणावरचा विनोद त्या मांडवात तुझ्याआधी चारजणांनी केलेला असेल.

मग उरतं काय? माझं म्हणणं ऐक. या शब्दांची खरी मजा त्यांच्या क्रियापदांत आहे. लळा लागतो, ओढ लागते, जीव जडतो. यातलं काहीच आपण ठरवून करत नाही. 'मला तू आवडतोस' या वाक्यात तर कर्ता समोरचाच असतो, आपण बिचारे चतुर्थीत उभे. निष्ठा मात्र लागत नाही, ती ठेवावी लागते. आणि माया? तीही ठेवता येते, पण ते शिंप्याकडे. टोस्टचा सगळा उतार मला इथेच सापडला. जे आपोआप होतं तिथून सुरुवात करायची आणि जे ठेवावं लागतं तिथे थांबायचं. एवढ्यासाठी तीनच शब्द पुरतात. मी जुळवून पाहिलं ते असं:

'या दोघांची आवडनिवड मी जवळून पाहिली आहे. आवड आधी आली. तिच्यावर कुणाचा ताबा नसतो, ती विचारून येत नाही. निवड मात्र करावी लागते, आणि ती यांनी आज आपल्या सगळ्यांसमोर केली. निवड केली, की पुढे निष्ठा ठेवावी लागते. नवरदेवाच्या निष्ठेची काळजी नको. हरणाऱ्या संघाची बाजू त्याने आजवर कधी सोडलेली नाही. जिंकणाऱ्या बाजूला तो आज पहिल्यांदाच उभा आहे.

'आता नुसती निष्ठा असली, की माणूस ताठ होतो. म्हणून एक गोष्ट शिंप्याकडून घ्या. चांगला शिंपी कापड अगदी मापाला कापत नाही. पुढे अंग भरेल, तेव्हा उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतो. बाहेरून ते दिसत नाही. त्याला काय म्हणतात?'

इथे थांब. खरोखर थांब, दोन श्वास. शिवणकाम जाणणारं कुणीतरी 'माया' म्हणेलच, आणि तो शब्द तुझ्याऐवजी समोरून आला तर अर्धं काम झालं. कोटी सांगितली गेली नाही, लोकांना ती सापडली. कुणीच बोललं नाही तर स्वतः म्हण, शांतपणे, शोध लावल्याच्या थाटात नको. मग लगेच शेवट:

'माया. तुम्ही दोघं आज आहात त्याच मापाचे राहणार नाही. एकमेकांसाठी शिवणीत माया ठेवा. नवरानवरीच्या मायेसाठी!'

आणि पेला उंच कर. त्यापुढे एक अक्षर नको.

आता यात फसण्याच्या जागा सांगतो. पहिली 'हरणाऱ्या संघा'ची. त्या वाक्यानंतर लोक हसतील आणि तुला थांबून ते हसू चाखावंसं वाटेल. जास्त थांबलास तर हरणारा संघ म्हणजे नवरी, असा अर्थ मध्येच लोंबकळत राहील. पुढचं वाक्य त्या हसण्यावरच टाक, आणि म्हणताना नवरीकडे बघ.

दुसरी जागा 'माया'ची, कारण हा शब्द भारी लबाड आहे. तो आईची माया सांगतो, मोहमाया सांगतो, आणि 'त्याने बरीच माया जमवली' म्हटलं की थेट पैसा. म्हणून कापड आधी आणि शब्द मागून, हा क्रम उलटा करू नकोस. आधीच 'माया' म्हणालास, तर प्रत्येकजण आपापला अर्थ धरून बसेल आणि शिंप्याची गोष्ट ऐकताना तुझ्या मागे धावत राहील. कापड ऐकून झालेल्याला तीच माया दोन्ही अंगांनी दिसते, समजवावी लागत नाही. तयार कपडे घेणाऱ्या तरुण मंडळींना हा अर्थ ठाऊक नसेल, म्हणूनच 'उसवून सैल करता यावं' हे शब्द गाळू नकोस. त्यांच्यावाचून गोष्ट लंगडी पडते.

आणि 'स्नेह'? त्याचा दुसरा अर्थ तेल, त्यावरून दिव्याची ओळ तू लिहिली आहेस, ती वाईट नाही. पण एका टोस्टमध्ये शिंपी आणि दिवा दोघं मावत नाहीत. शिंपी ठेव. दिवा कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाला वापरू.

सगळं मिळून दोन मिनिटांच्या आत बसेल, थांबे धरून. कागद खिशात असू दे, हातात नको. पाठ करायचीच असतील तर फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य कर. मधलं थोडं इकडेतिकडे झालं तर ते बोलल्यासारखं वाटेल, वाचल्यासारखं नाही. संघाच्या जागी तुझ्याकडे नवरदेवाच्या निष्ठेचा याहून अस्सल किस्सा असेल तर खुशाल घाल, फक्त तो एका वाक्यात सांगता आला पाहिजे.

रविवारी फोन कर आणि पूर्ण म्हणून दाखव. 'त्याला काय म्हणतात?' असं तू विचारलंस, की मी मुद्दाम 'पैसा!' म्हणून ओरडणार आहे, कारण मांडवात कुणीतरी आगाऊ पाहुणा ओरडणारच. त्याला 'तोही लागेल, पण तो शिवणीत राहत नाही' एवढं हसत म्हणायचं आणि पुढे जायचं. ते तेवढं घोटून ठेव.

तुझा,
जुना मित्र