संध्याकाळच्या गाडीची रोजकीर्द

कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वड्यांच्या गाडीवर रोज हातात काय उरेल आणि रस्त्यावरून कोणी उठवणार तर नाही ना, हे तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून फोनवर घाईने सांगण्याऐवजी सविस्तर लिहिते आहे.

गाडीवर बटाटेवडा आणि कांदाभजी एवढेच ठेवायचे ठरवले आहे. दोन्हींना कढई, तेल आणि बेसन तेच लागते, त्यामुळे एकाने तळणीवर उभे राहावे आणि दुसऱ्याने गिऱ्हाईक सांभाळावे, एवढ्यात काम भागते. आईने भेळ सुचवली होती. तिला गॅस लागत नाही आणि उरलेले चुरमुरे दुसऱ्या दिवशी चालतात, हे खरे. परंतु खासबागेतल्या भेळेची सवय असलेल्या गावात नवख्याने भेळेपासून सुरुवात करणे मला अवघड वाटते. वड्याची भाजी मात्र उरली तर टाकावीच लागते, म्हणून सुरुवातीला ५ किलो बटाट्यांचीच करणार, म्हणजे साधारण ७५ वडे होतील. ते लवकर संपले तर गाडीही लवकर बंद करू.

रंकाळ्यावर गर्दी मोठी असली तरी ती सुट्टीच्या दिवशी फुगते, आणि तिथे गाड्याही पुष्कळ आहेत. मला रोजचे गिऱ्हाईक हवे आहे, म्हणून राजारामपुरीतील क्लासेसजवळचा एक कोपरा संध्याकाळी उभी राहून पाहिला. तिथून किती माणसे जातात यापेक्षा किती जण गाडी बाजूला लावून काही विकत घेतात, हे मी मोजत होते. दुचाकी लावायला जागा आहे, दिवा आहे आणि पावसाचे पाणी तुंबत नाही.

जागा पसंत पडली म्हणून ती आपली होत नाही, आणि मागच्या दुकानदाराने होकार दिला तरी तो परवाना ठरत नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार महापालिकेच्या व्यवस्थेतून विक्री प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि तो कोपरा विक्रीस मनाई असलेल्या क्षेत्रात येतो का, हे आधी विचारावे लागते. अन्नपदार्थांची नोंदणी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली वेगळी करायची असते. एक कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ओळखीच्या एकाने परवान्यासकट गाडी भाड्याने देऊ केली होती, ती मी नाकारली, कारण प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही आणि धंदा प्रमाणपत्रधारकाने स्वतः किंवा त्याच्या घरच्यांनीच करायचा असतो. ज्याच्या नावाचा कागद, त्याच्याच घरचे माणूस गाडीवर हवे. घरचा लाल सिलिंडरही तिथे वापरणार नाही. व्यावसायिक निळाच घेणार आहे.

आता हिशेब. तुम्ही दूध संस्थेची रोजकीर्द लिहीत होता, तशीच वही मी आखली आहे. एका संध्याकाळचा अंदाज मांडते. सुरुवातीला गल्ल्यात सुट्टे म्हणून ५०० रुपये ठेवले. ब्रेडसह ६८ वडे २० रुपयांप्रमाणे गेले, त्याचे १,३६० झाले; भजीच्या ३० प्लेट ३० रुपयांप्रमाणे, ९०० झाले. एकूण विक्री २,२६० रुपये. त्यातले ८४० मोबाइलवर आले, म्हणजे रोख १,४२० यायला हवेत. मध्येच कांदे आणि ब्रेड आणायला गल्ल्यातून १४० गेले. तेव्हा रात्री गल्ल्यात १,७८० सापडले पाहिजेत. मोजल्यावर १,७४० निघाले, तर ४० रुपयांची तूट त्याच रात्री शोधता येते: दोन वडे उधार गेले, की मोबाइलवर पैसे पाठवल्याचे नुसते दाखवून कोणी निघून गेले? आठवड्याने हे कुणालाच आठवणार नाही. वडे मात्र गल्ल्यावरून मोजायचे नाहीत. केलेल्या ७५ मधून उरलेले आणि घरी खाल्लेले वजा करून विकलेले काढायचे, तरच दोन आकडे एकमेकांना तपासतात.

उरलेले १,७४० म्हणजे नफा नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको. बटाटे, बेसन, तेल, ब्रेड, मसाला, गॅस आणि प्लेट मिळून खर्च अंदाजे १,३४० धरला आहे, त्यात गल्ल्यातून गेलेले १४० आले. मदतनीस मुलाचे ३५० धरले तर विक्रीतून ५७० उरतात, आणि तूट भरून निघाली नाही तर ५३०. त्यातूनच गाडी आणि कढईच्या झिजेसाठी रोज ७० वेगळ्या डब्यात टाकणार आहे. पावसाळ्यातल्या बंद संध्याकाळींना यातून काही मिळणार नाही, म्हणून घरखर्चाला मी महिन्याची सरासरीच धरेन. तेल काळपट होऊन फेसाळू लागले की बदलायचे, त्यामुळे तेलाचा खर्च एखाद्या दिवशी अचानक वाढलेला दिसेल. तो वहीत त्याच तारखेला लिहीन.

वहीच्या कोऱ्या पानाचा फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवला आहे. उधारीसाठी वेगळा रकाना असावा की वेगळी वही, हे बाबांनी पाहून कळवावे.

आपली,
सुषमा