कार्यशाळा सुटल्यावर मूल कुणाच्या हाती द्यायचं? महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

गणपतीच्या आधी शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळा शाळांच्या वर्गांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये भरतात. धोका असतो तो सुटण्याच्या वेळी. 40 मुलं चिखलाचे हात आणि ओल्या मूर्ती घेऊन एकदम दाराशी येतात, बाहेर तेवढेच पालक. त्या गर्दीत कार्यकर्ता मुलालाच विचारतो, "हे कोण तुझे?" मूल म्हणतं, "काका," आणि लगेच सोडलं जातं. मूल ओळखतं एवढ्याने त्या माणसाला मूल नेण्याचा अधिकार मिळत नाही. धोका ओळखीच्या माणसाकडूनही असतो.

खरं काम सकाळीच करावं लागतं. मुलाला सोडायला आलेल्या पालकाकडून न्यायला येणाऱ्या जास्तीत जास्त तिघांची नावं, नातं आणि मोबाइल नंबर लिहून घ्यावेत. मग एकच क्रमांक असलेली दोन चिठ्ठ्यांची जोडी करावी: एक मुलाच्या ॲप्रनला, दुसरी पालकाकडे. क्रमांक रोज बदलावा, नाहीतर कालची चिठ्ठी आज चालून जाते. मुलाच्या चिठ्ठीवर नाव नको. वाचून कुणीही त्याला नावाने हाक मारू शकतो.

सुटताना मुलं आतच बसलेली हवीत. दाराशी चिठ्ठी जुळली, नाव यादीत सापडलं, ओळखपत्रावरचा फोटो पटला, सही झाली, की मगच आतून त्या एका मुलाला बोलवायचं. एका मुलाला अर्धा मिनिट धरलं तरी एका टेबलावर 20 मिनिटं लागतात. म्हणून दोन टेबलं मांडावीत. रांग लांबली की तपासणीच आधी सुटते.

आता समजा, चिठ्ठी नसलेले मामा आले. नाव यादीत नाही, पण मोबाइलवर आईचा मेसेज दाखवतात: "आज मामा नेतील." तो ग्राह्य धरू नये, कारण कुठलाही नंबर 'ताई' म्हणून सेव्ह करता येतो. मामांनी लावून दिलेल्या फोनवर बोलणंही तितकंच निरुपयोगी. आपल्या फोनवरून, सकाळच्या अर्जावरच्या नंबरवर आईला फोन करावा. मामांचं पूर्ण नाव तिच्याकडून ऐकून ओळखपत्राशी ताडावं आणि वेळ लिहून ठेवावी. फोन लागला नाही तर मूल आतच थांबेल, सोबत दोन कार्यकर्ते. मामा चिडतील, चिडू द्यावं.

आई-वडील वेगळे राहत असतील तर एकाच्या तोंडी सांगण्यावरून दुसऱ्याला अडवणं आयोजकाला अवघड जातं. ताब्याबाबत न्यायालयाचा आदेश असल्यास त्याची प्रत नोंदणीच्या वेळीच मागावी. आधारची झेरॉक्स मात्र घेऊ नये. कार्ड पाहून परत द्यावं, नोंदवहीत 'आधार पाहिले' एवढं पुरे.

आमची मागणी: शाळांचे वर्ग आणि पालिकांची सभागृहं मुलांच्या कार्यशाळांना देताना हा अर्ज, चिठ्ठ्यांची जोडी आणि सहीची नोंदवही या परवानगीच्या अटी कराव्यात, आणि 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा हेल्पलाइन क्रमांक दाराशी लावणं बंधनकारक करावं. गणेशोत्सवाआधी एका पानाचं परिपत्रक निघालं तरी काम होईल.

आपले,
मुलांच्या कार्यशाळा घेणारे कार्यकर्ते