ताईची चटई

प्रिय गजा,

ताईनं घरीच योगासनं सुरू केली म्हणतोस. बरं झालं. पण तू फोटो पाठवलास तो संच घेऊ नको लेका. तांब्याचं कडं, घंटी, अगरबत्ती आणि त्यात तेरा मिलिमीटरची गुबगुबीत चटई! असलीच एक मी घेतली होती. वृक्षासनात एका पायावर उभा राहिलो, तर पाऊल फोमात रुतलं अन् घोटा लटपटायला लागला. तीनदा भिंत धरली. मले वाटलं आपलाच तोल गेला. मग तेच आसन उघड्या फरशीवर केलं, तर सहज जमलं.

चार ते सहा मिलिमीटरची घे. गुडघा टेकवायच्या आसनात टोचलं, तर तेवढ्यापुरता घडी केलेला टॉवेल खाली घालता येतो. लांबी साधारण १७३ सेंटिमीटर असते, ताईच्या उंचीला ती पुरे. दुकानात चटई फरशीवर अंथरायला लाव अन् दोन्ही तळवे टेकून पुढं जोर दे. चटई सरकली तर घेऊ नको, परत दे. हात थोडे घसरले तर मात्र घाबरू नको, नव्या चटईवर पातळ थर असतो. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळव. उन्हात टाकू नको, आपल्याकडच्या मे महिन्यात रबर तडकतं.

उरलेल्या पैशात जाडसर सुती सतरंजी अन् एक घोंगडी घे. ताई ध्यानाला बसते तेव्हा पाच मिनिटांत पाठ दुखते म्हणालास ना? मांडी घातल्यावर तिचे गुडघे कमरेच्या वर राहतात का, ते बाजूनं बघ. तसं असलं तर कंबर मागं कलते अन् पाठीला पोक येतं. घोंगडीची घडी नुसत्या बुडाखाली घालायची, मांड्यांखाली नाही. गुडघे कमरेच्या बरोबरीला येईस्तोवर घड्या वाढवत जा. तरीही गुडघा दुखलाच तर सरळ खुर्चीवर बसव, ध्यान तिथंही होतं. दुकानातली ध्यानाची गादी बहुतेकदा मऊ असते, दोन महिन्यांत बसते. सतरंजी मात्र गुळगुळीत फरशीवर सरकते, म्हणून ती उभ्या आसनांना नको, शवासनाला ठेव.

पुस्तकाचं म्हणशील, तर अय्यंगारांचं ‘योगदीपिका’ मोठं आहे, दोनशे आसनं, छायाचित्रं ढीगभर. त्यात प्रत्येक आसनापुढं ते किती अवघड याचा आकडा दिलाय, १ पासून ६० पर्यंत. तो न पाहता नुसती चित्रं बघून कोणी करायला गेलं तर मान आखडायची. ताईले पहिल्या वर्षी नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचं ‘सुलभ सांघिक आसने’ पुरे. पातळ आहे, मराठीत आहे.

पुढच्या मंगळवारी मी वर्ध्याला बाजाराले जातोय. सोबत येतोस का? तळव्यांनी रेटून बघायला दोघं बरे. दुकानदार हसला तर हसू दे.

तुझा,
सुधा

ता. क. पोथीच्या लाकडी ठवणीवर पुस्तक उघडं ठेवायला सांग. आसन करता करता पान हातानं धरून ठेवावं लागत नाही.