अठरावी मूठ

प्रिय सुतारकाका,
सा. न. वि. वि.

आजोळच्या दारांच्या मुठी मोजणाऱ्या मुलीची माझी गोष्ट छापून आली. तिच्यातली निम्मी अक्कल तुमची, म्हणून हे आभार चारचौघांत मानते आहे.

पहिला खर्डा तुम्हाला वाचून दाखवला तेव्हा शनिवार पेठेतल्या त्या घरात सतरा पितळी मुठी होत्या आणि प्रत्येकीची एकेक गोड आठवण. तुम्ही रंधा न थांबवता विचारलंत, "सगळ्या पितळी? आणि थोरल्या दाराला मूठ कशाला? तिथे कडी असते, आतून अडसर." एक मूठ तिथेच गळली. बरं झालं, तिची आठवण तशीही ओढूनताणून आणलेली होती.

मग "आजीच्या हाताने चकचकीत झालेली मूठ" आली आणि तुम्ही चक्क हसलात. दिवाळीआधी चिंच लावून घासलं की सगळ्याच चमकतात म्हणालात. वापर बघायचा तर मुठीच्या मागून बोट फिरवायचं. बोटं वळतात तिथली नक्षी सपाट होते, पुढून ती कोरीच दिसते. "आणि खालच्या टोकाला झिजली असेल तर समजा, घरात पोर होतं. त्याचा हात तेवढाच पोचतो." माझ्या गोष्टीतली मुलगी आता देवघराच्या मुठीमागे बोट घालते आणि तिला तिथे तिची आई सापडते, चार वर्षांची.

पण खरी गोष्ट अठराव्या मुठीची. मुलगी कितीही मोजो, आकडा सोळावर थांबतो आणि आजी म्हणते सतरा. कडी धरली तर अठरा. तुम्ही मला तुमच्या दुकानातलं एक जुनं दार दाखवलंत. बॅटरी समोरून नाही, दाराला चिकटवून तिरपी धरलीत. ऑइलपेंटखालून जुन्या मुठीच्या बैठकीची कड उमटली, आणि लांबी भरून बुजवलेली दोन भोकं. जुन्या भोकात स्क्रू धरेना म्हणून नवी मूठ चार बोटं वर बसवलेली.

तेच दार मी कोठीच्या खोलीला लावलं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाणी ओसरल्यावर दारं फुगून चौकटीत आवळली. चिखल उपसायला आजोबांनी ते दार असं ओढलं की मूठ हातात आली आणि चिखलात गेली. मुलगी त्या बुजवलेल्या खळग्यावर बोट ठेवते आणि मोजते, "अठरा."

स्क्रू ढिला झाला तर भोकात सरस लावून काडेपेटीची काडी ठोकायची, हे तुम्ही सांगितलेलं मात्र गोष्टीत बसलं नाही. माझ्या बाथरूमच्या मुठीला बसलं. दोन काड्या लागल्या.

आपली,
गोष्टवाली